भीड, थकवा आणि मित्राचे सामान

हिंदीतून मराठीत अनुवाद करताना 'भीड' या शब्दापाशी मी नेहमी क्षणभर थांबतो. हिंदीत भीड म्हणजे गर्दी. मराठीत भीड म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणताना जीभ अडखळते ती अवस्था. जबलपूरमध्ये वाढलेल्या आम्हा मराठी मुलांच्या कानांवर दोन्ही अर्थ सारखेच पडतात. बाजारात एक, घरात दुसरा. आजीच्या तोंडी 'भीड भिकेची बहीण' ही म्हण असायची. लहानपणी मला वाटायचे की गर्दीत पाकीट मारले जाते, म्हणून माणसाला भीक लागते! पुढे खरा अर्थ कळला. ज्याला नकार देता येत नाही तो हळूहळू स्वतःजवळचे सगळे देऊन बसतो, आणि मग त्यालाच दुसऱ्यापुढे हात पसरावा लागतो.

आपल्या जुन्या लोकांनी भिडेला सद्गुण मानले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मदत करणे हा सद्गुण, पण भिडेने केलेली मदत ही वेगळी गोष्ट आहे, हे त्यांना माहीत होते. सेवेची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांची मात्र इथे गल्लत होते. कुणी काही मागितले आणि आपण 'हो' म्हटले की आपल्याला आपोआप बरे वाटते. ते बरे वाटणे मदतीचे आहे की नकार टळल्याचे, हे आपण तपासत नाही.

हा विचार हवेत राहू नये म्हणून एक अगदी साधा प्रसंग घेऊ. गोरखपूर भागात बाजारामागच्या एका गल्लीत माझा एक मित्र, त्याची आई आणि धाकटी बहीण दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. त्यांना आधारतालला नवी जागा मिळाली. १ ऑगस्टपासून भाडे सुरू होणार होते, म्हणून जुलैच्या शेवटच्या रविवारी सामान हलवायचे ठरले. त्याने मला बुधवारी संध्याकाळी फोन केला. "रविवारी येशील ना? घर बदलतोय. सकाळी आठपासून लागू."

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आणि कर सल्लागाराकडे हाताखाली काम करणाऱ्या मुलांसाठी जुलैचा शेवटचा आठवडा कसा असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. ज्यांच्या हिशेबाला ऑडिट लागत नाही, अशा बहुतेक लोकांसाठी आयकर विवरणपत्राची मुदत तेव्हा ३१ जुलैला संपत असे. दुकानदार, शिक्षक, निवृत्त मंडळी आपापली कागदांची पिशवी घेऊन शेवटच्या दहा दिवसांतच येतात. मी त्या आठवड्यात रोज रात्री साडेदहा-अकराला घरी येत होतो आणि सकाळी कॉलेजसाठी सहाला उठत होतो. शनिवारही तसाच जाणार होता. रविवार मोकळा होता, आणि त्यानंतर मुदतीपर्यंतचे सगळ्यात कठीण तीन दिवस होते. म्हणजे महिन्यातली विश्रांतीची एकच जागा शिल्लक होती, आणि मित्राने नेमकी तीच मागितली. त्याला ते माहीत असण्याचे कारण नव्हते.

आता या रविवारी नेमके काय काम होते ते पाहू. कारण 'मदत' हा शब्द मोघम ठेवला की निर्णयही मोघम होतो. तीन माणसांच्या दोन खोल्यांचे सामान: लोखंडी कपाट, दिवाण, फ्रिज, जबलपूरच्या घराघरात असतो तसा पत्र्याचा मोठा कूलर, गॅसच्या दोन टाक्या, भांड्यांची पोती आणि वीस-पंचवीस खोकी. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, आणि टाकीचे स्वतःचे वजनही जवळपास तितकेच. म्हणजे भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास जाते. पुस्तकांचे खोके त्याहून फसवे असते, दिसते छोटे आणि हलत नाही. हे सगळे अरुंद जिन्याने दोन मजले खाली आणायचे, 'छोटा हाथी'त भरायचे, शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि तिथे पुन्हा वर चढवायचे. बहुधा दोन खेपा. त्यात जुलैचा पाऊस, म्हणजे ताडपत्री हवीच.

अशा कामात हातांची मोजणी असते. जिन्यावर जड वस्तूला दोन जण लागतात, एक वर आणि एक खाली. गाडीत उभे राहून सामान लावायला एक. वर राहिलेले बांधायला एक. चौथा माणूस आला नाही, तर जिन्यावरच्या दोघांपैकी एकाला दर वेळी गाडीत चढावे लागते आणि काम दीडपट लांबते. गाडीवाला खेपेवर आला असेल, तर तो तासाभराने कुरकुरायला लागतो.

मित्र बुधवारी फोनवर खरे तर हीच मोजणी करत होता. त्याचा प्रश्न माझ्या प्रेमाची परीक्षा पाहणारा नव्हता. त्याला आकडा हवा होता: रविवारी किती हात? हे ओळखले की एक गोष्ट लख्ख होते. त्याच्या दृष्टीने 'हो' उपयोगी आहे आणि 'नाही' सुद्धा उपयोगी आहे. निरुपयोगी आहे ते 'बघतो'.

आपल्याकडे नकाराचे काम 'बघतो', 'जमलं तर येतो', 'शनिवारी सांगतो' या शब्दांवर सोपवलेले असते. हिंदीत तेच 'देखते हैं भैया'. बोलणाऱ्याला वाटते, आपण नाही म्हटले नाही, म्हणजे मित्राला दुखवले नाही. पण ऐकणारा त्याचा अर्थ काय घेतो? तो अर्धा माणूस मोजतो. जिना अर्ध्या माणसाने उतरता येत नाही. तो दुसऱ्या कुणाला विचारत नाही, कारण 'याने तर येतो म्हटले आहे'. हमाल सांगत नाही, कारण कदाचित गरज लागणार नाही. शनिवारी रात्री 'सॉरी यार, नाही जमत' असा निरोप येतो तेव्हा सगळे पर्याय बंद झालेले असतात. बुधवारचा नकार मित्राला चार दिवस देतो. शनिवारचा नकार त्याच्याकडून तेच चार दिवस काढून घेतो. शब्द तोच, पण पहिला निरोप आहे आणि दुसरा नुकसान. म्हणून नकार योग्य की अयोग्य हे ठरवताना मी पहिल्यांदा वार पाहतो.

मी बुधवारीच सांगितले. "रविवारी नाही येऊ शकणार. आठवडाभर झोप नाही झालेली आणि सोमवारपासून तीन दिवस आणखी वाईट आहेत. तू माझा हात धरू नकोस, दुसऱ्या कुणाला विचार." क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'मध्ये थोडी निराशा होती. ती असणारच. नकार दिला आणि समोरचा जराही खट्टू झाला नाही, असे होत नाही. भिडस्त माणूस नेमका याच क्षणाला घाबरतो. तो क्षण टाळायला तो अख्खा रविवार देऊन टाकायला तयार असतो.

पण मला थकवा होता हे मी कशावरून ठरवले? हा प्रश्न मी सोडून देणार नाही, कारण 'थकलोय' या शब्दाच्या आड आळस फार सुखाने झोपतो. एक कसोटी लोक नेहमी सुचवतात: त्याच रविवारी कुणी बर्गी धरणावर सहलीला बोलावले असते, तर गेला असतास का? गेला असतास, तर तो थकवा नव्हे. कसोटी वाईट नाही, पण अपुरी आहे. धरणाच्या काठी बसून राहण्याने माणूस ताजा होऊ शकतो, कपाट उचलून होत नाही. मला दुसरी खूण जास्त खरी वाटते. त्या आठवड्यात मी एकाच खातेउताऱ्याची एकच ओळ तीनदा वाचत होतो आणि तरी आकडा चुकतो की काय म्हणून पुन्हा मागे जात होतो. घरी आईने साधे "जेवलास का?" विचारले तरी आवाज चढत होता. आळसात माणूस काम टाळतो पण चिडचिडा होत नाही. उलट बराच गोड असतो!

थकव्याची आणखी एक अडचण आहे, आणि ती विज्ञानाने नीट मोजली आहे. २००३ साली अमेरिकेत हान्स व्हॅन डोंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना दोन आठवडे रोज ठरावीक तासच झोपू दिले. ज्यांना रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळाली, त्यांची सावधता हळूहळू इतकी घसरली की शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. पण त्यांना स्वतःला ते जाणवत नव्हते. थोडी झोप येते आहे, बाकी आपण ठीक आहोत, असेच ते समजत होते. म्हणजे थकवा पहिल्यांदा जे नेतो त्यात स्वतःचा थकवा ओळखण्याची शक्तीही असते. 'जमेल रे, त्यात काय' असे सगळ्यात आत्मविश्वासाने कोण म्हणेल, तर ज्याची झोप दोन आठवडे तुटलेली आहे तो.

याचा मित्राच्या जिन्याशी थेट संबंध आहे. लोखंडी कपाट जिन्याने उतरवताना भार दोघांवर सारखा नसतो. कपाट कलते आणि जास्त वजन खालच्या माणसावर येते. वरच्याने एक पायरी उशिरा टाकली किंवा पकड क्षणभर ढिली केली, तर कपाट वरच्यावर पडत नाही, खालच्यावर सरकते. आता 'मी थकलो असलो तरी मित्रासाठी सोसेन' हे वाक्य पुन्हा वाचा. ऐकायला ते त्यागाचे आहे. पण जिन्यावर ते सोसणे माझ्या एकट्याच्या वाट्याला येत नाही. त्यातला मोठा धोका मी खाली उभ्या असलेल्या माणसाला, न विचारता, देत असतो. तो खालचा माणूस बहुतेक माझा मित्रच असणार. माझ्या नकाराची ही बाजू मला सगळ्यात भक्कम वाटते, कारण ती माझ्या सोयीवर उभी नाही.

तरीही मनात एक खुटखुट राहतेच. मित्राला मदत करणे हे कर्तव्य आहे ना? मग कर्तव्याला थकव्याची सूट कुठून आली?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट कर्तव्याच्या बाबतीत फार कडक समजला जातो. खोटे बोलण्याला त्याच्याकडे सूट जवळजवळ नाहीच. पण १७९७ मध्ये आलेल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात तो दोन तऱ्हेची कर्तव्ये वेगळी काढतो. काही कर्तव्ये अशी की त्यांत कमी-जास्त काही नाही, जसे घेतलेले परत करणे. काही अशी की ती खरी आहेत, आयुष्यभर लागू आहेत, पण कुणाला, केव्हा आणि किती, यात मोकळीक आहे. दुसऱ्याला मदत करणे हे या दुसऱ्या प्रकारात येते. मात्र या मोकळिकीला त्याने एक कुंपण घातले आहे. ही मोकळीक म्हणजे मनाला येईल तेव्हा सुट्टी नव्हे. एका कर्तव्याला मर्यादा घालायची तर दुसऱ्या कर्तव्यानेच घालता येते. त्याचे स्वतःचे उदाहरण आई-वडिलांचे आहे: त्यांच्यावरच्या प्रेमामुळे इतरांसाठी करायच्या गोष्टींना मर्यादा पडू शकते.

मग विश्रांती हे कर्तव्य आहे का? गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोग सांगताना श्रीकृष्ण आहाराबरोबर झोपेचाही उल्लेख करतात. अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही, असा तिथला भाव आहे. आपण त्यातला पहिला अर्धा भाग प्रवचनांत पुष्कळ ऐकतो. लवकर उठा, आळस सोडा. दुसरा अर्धा भाग क्वचितच कुणी विस्ताराने सांगतो. अति जागणे हाही तिथे दोषच आहे, कौतुकाची गोष्ट नाही. त्या आठवड्यात लोकांचे करांचे कागद माझ्या हातात होते. सोमवारी एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या विवरणपत्रात माझ्याकडून आकडा चुकला, तर नोटीस त्यांच्या घरी जाणार. म्हणजे रविवारची झोप माझ्यासाठी होती तशीच त्यांच्यासाठीही होती. माझ्या मित्राला केलेल्या मदतीची किंमत त्यांनी का मोजावी?

कन्फ्यूशियसच्या संवादांत एक अगदी छोटी गोष्ट आहे. वेइशंग गाओ नावाचा माणूस सरळपणासाठी प्रसिद्ध होता. कुणीतरी त्याच्याकडे थोडे व्हिनेगर मागितले. त्याच्या घरी नव्हते. तो गुपचूप शेजाऱ्याकडे गेला, त्याच्याकडून मागून आणले आणि दिले. कन्फ्यूशियस विचारतो, या माणसाला सरळ कोण म्हणते? पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा निवाडा फार कठोर वाटला. बिचाऱ्याने मदतच तर केली! पण थकलेल्या रविवारशी ती गोष्ट जोडून पाहिली की अर्थ उघडतो. 'माझ्याकडे नाही' हे दोन शब्द त्याला म्हणवले नाहीत. त्याने दुसऱ्याचे स्वतःच्या नावावर दिले. ज्याच्या अंगात शक्ती उरलेली नाही तो जेव्हा 'येतो की' म्हणतो, तेव्हा तोही कुठूनतरी उसनेच आणत असतो. सोमवारच्या कामातून आणतो, किंवा घरच्यांशी बोलायच्या उरल्यासुरल्या धीरातून. शेजाऱ्याला विचारले गेले, हे तरी बरे. आपण आईला विचारतही नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायातले दानाचे तीन प्रकार आपल्या वाचकांना परिचित आहेत. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले ते सात्त्विक. राजस दानाच्या लक्षणांत दोन गोष्टी येतात: परत मिळेल म्हणून देणे, आणि मनाला क्लेश होत असताना देणे. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी का असाव्यात, याचा मी बराच विचार केला. वरवर त्या वेगळ्या आहेत. एक हिशेबी आहे, दुसरी नाइलाजाची. पण व्यवहारात पाहिले तर एकातून दुसरी निघते. जो कुढत देतो तो विसरत नाही. 'त्या रविवारी मी मेलो होतो झोपेने, तरी गेलो' हे वाक्य त्याच्या मनात जमा बाजूला लिहिले जाते, आणि मित्राच्या नकळत त्याच्या नावे उधारी निघते. चार महिन्यांनी मित्र एखाद्या कामाला नाही म्हणाला की ती उधारी व्याजासकट बाहेर येते. हिशेब शिकणारा विद्यार्थी म्हणून मला हे फार विचित्र खाते वाटते. देणेकऱ्याला आपण कर्जात आहोत याचा पत्ताच नाही!

नकार कसा द्यावा याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती थोडी सविस्तर. आपल्या समाजात नकाराची काही कारणे मान्य आहेत आणि काही नाहीत. परीक्षा आहे, लग्न आहे, ताप आहे, पाहुणे येणार आहेत, ही चालतात. 'थकलोय' चालत नाही. ऐकणारा म्हणतो, 'मग आम्ही काय बसून असतो?' म्हणून थकलेला माणूस खोटे पण चालणारे कारण शोधतो. समजा मी म्हणालो असतो, 'नागपूरचे मामा येणार आहेत.' मित्र चांगला असेल तर तो लगेच म्हणेल, 'मग सकाळी दोन तास ये, ते दुपारीच पोहोचतील ना.' खोटे कारण नेहमी असे सुटते, कारण त्यातल्या अडचणीवर उपाय असतो. मग दुसरे खोटे लागते. शिवाय गोरखपूर बाजार काही मोठा नाही. रविवारी संध्याकाळी दूध आणायला बाहेर पडलो आणि त्याची बहीण भेटली, तर मामांची चौकशी करणार. खऱ्या कारणावर मात्र उपाय सुचवायला काही उरत नाही. 'झोप झालेली नाही' यावर मित्र फार तर नाराज होईल, पण त्याला काय खरे आहे ते कळलेले असते आणि पुढचे ठरवायला तो मोकळा असतो.

खरे कारण सांगितल्यावर आणखी एक मोह होतो. नकाराची भरपाई करायचा. 'पुढच्या रविवारी नक्की येतो, रंगकाम मीच करून देतो, नवीन घरी सगळे मीच लावून देतो.' हे अपराधीपणातून निघालेले आश्वासन असते आणि त्याचे पुढे तेच होते जे 'बघतो'चे होते. देता येईल तेवढेच सांगावे. त्या आठवड्यात माझ्याकडे बसून करण्याचे तासभर काम होते. गुरुवारी रात्री घरी जाताना मी त्याच्याकडे थांबलो आणि त्याच्या बहिणीबरोबर खोक्यांवर स्केचपेनने नावे लिहिली: स्वयंपाकघर, पुस्तके, काकूंच्या औषधांचे. औषधांचे खोके गाडीत सगळ्यात शेवटी ठेवायचे, म्हणजे उतरताना पहिले हाती येते, हे काकूंनीच सुचवले. तासाभरात मी निघालो. काकू म्हणाल्या, "जा बाळा, डोळे बघ कसे झालेत." मित्राने तोपर्यंत दोन हमाल ठरवले होते. दोघांचे मिळून हजार-बाराशे रुपये जाणार होते.

त्या हजार-बाराशेबद्दल मला बोललेच पाहिजे. माझ्या नकाराची ती किंमत होती आणि ती मित्राने भरली. त्याच्या घरी ती रक्कम जड होती, पण अशक्य नव्हती. हे मला माहीत होते म्हणूनच मी नाही म्हणू शकलो. समजा तसे नसते. समजा घरमालकाने त्यांना आठवड्यात जागा सोडायला लावली असती, हातात फक्त गाडीभाड्यापुरते पैसे असते, आणि शहरात ओळखीचे दुसरे कुणी नसते. मग माझी झोप आणि त्यांचे रस्त्यावर आलेले सामान यांची तुलना करायला फार वेळ लागला नसता. मी गेलो असतो. फक्त कपाटाला हात लावला नसता. 'मी आलोय, पण जिन्यावर मला खाली-वर धरू नका, मी गाडीत सामान लावतो' असे सांगितले असते. थकवा लपवून जाणे आणि थकवा सांगून जाणे यात पुष्कळ अंतर आहे.

म्हणजे तोच थकवा, तोच रविवार, तेच कपाट, आणि उत्तर वेगळे. हे मला अन्यायाचे वाटत नाही. माझ्यावाचून मित्राचे काय अडते, हे पाहिल्याशिवाय माझ्या थकव्याचे वजन कळतच नाही. भिडस्त माणूस समोरच्याचे अडलेपण न पाहता हो म्हणतो, आणि जो प्रत्येक वेळी स्वतःची शांती जपतो तोही ते न पाहताच नाही म्हणतो. दोघांनीही मित्राकडे पाहिलेले नसते. दुसऱ्या प्रकारची माणसे हल्ली वाढली आहेत असे मला वाटते. चार-पाच नकार सलग झाले आणि प्रत्येकाचे कारण थकवाच निघाले, तर तो थकवा त्या त्या रविवारचा नाही. मग त्या मित्राशी असलेल्या आपल्या नात्याकडेच पाहायला हवे, किंवा डॉक्टरांकडे जायला हवे.

मागणाऱ्याचाही यात वाटा असतो. माझ्या मित्राने बुधवारी विचारले, रविवारी सकाळी सातला नाही. त्याने काम काय आहे ते सांगितले. आणि 'तू नाही आलास तर बघ हं' असे तो एकदाही म्हणाला नाही. मागण्यात नकाराला जागा ठेवलेली असेल तरच ते मागणे असते, नाहीतर ती वसुली. 'एवढंही करणार नाहीस?' असा प्रश्न जिथे येतो, तिथे उत्तर आधीच ठरवून विचारलेले असते.

रविवारी त्यांच्या दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेच्या वेळी पाऊस आला आणि दिवाणाची गादी एका कोपऱ्यात भिजली. मी त्या वेळी झोपलेलो होतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी आधारतालला गेलो तेव्हा ती गादी गच्चीवर वाळत होती. काकूंनी पोहे केले होते. कपाट भिंतीपासून हातभर पुढे होते, कारण मागे बटणांचा बोर्ड होता आणि तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. मी आणि मित्राने ते दोन वीत डावीकडे सरकवले.

डिसेंबरात माझी आतेबहीण परीक्षेसाठी येणार होती. तिला स्टेशनवरून घेऊन येण्यासाठी मी त्याच्याकडे पहाटे पाचला त्याची गाडी घेऊन येण्याची मदत मागितली. तो म्हणाला, "नाही रे, या आठवड्यात रोज रात्रपाळी आहे, पहाटे मला गाडी चालवायची नाही." मी "बरं" म्हटले आणि गल्लीतल्या ऑटोवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवले.